पेरॉक्सिझोम : नाव पेरॉक्साइडचं, जबाबदारी चरबीची

आज मी सोबत एक बाटली आणि एक बटाटा घेऊन आलो आहे. बाटली औषधाच्या दुकानातली, हायड्रोजन पेरॉक्साइडची. जखम धुवायला पूर्वी घरोघरी असायची ती. बटाट्याच्या दोन चकत्या आहेत, एक कच्ची आणि एक चांगली उकडलेली. दोन्हींवर मी चार-चार थेंब टाकतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल, कच्च्या चकतीवर लगेच पांढरा फेस आला. उकडलेली चकती मात्र नुसती ओली झाली.

हा फेस म्हणजे प्राणवायूचे, ऑक्सिजनचे बुडबुडे. कच्च्या बटाट्यात कॅटॅलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम आहे. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन रेणू घेतं आणि त्यांचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. समीकरण सोपं आहे :

2H₂O₂ → 2H₂O + O₂

उकडल्यावर त्या विकराची घडी विस्कटते, म्हणून दुसऱ्या चकतीवर काहीच झालं नाही. आता प्रश्न असा की बटाट्याला हे विकर हवंय कशाला? त्याच्यावर कुणी औषधाची बाटली ओतणार आहे म्हणून तर नक्कीच नाही. याचा अर्थ हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्या स्वतःच्या पेशींमध्येच तयार होत असणार. तसंच आहे. बटाट्यात, उंदरात, तुमच्या-माझ्या यकृतात, सगळीकडे. आणि ते जिथे तयार होतं आणि जिथे मोडलं जातं, त्या पेशीतल्या छोट्या पिशवीचं नाव पेरॉक्सिझोम.

ही पिशवी फारच लहान असते, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही छोटी. भोवती एकच पापुद्रा, आत विकरांची दाटी. १९५४ साली स्वीडनमध्ये योहानेस रोडिन यांनी उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांना हे गोल ठिपके दिसले. ते काय करतात हे कळत नव्हतं, म्हणून नावही मोघमच पडलं, मायक्रोबॉडी. पुढे बेल्जियमचे क्रिस्तियां द दुव यांनी यकृताच्या पेशी फोडून त्यातले भाग वजनाप्रमाणे वेगवेगळे केले. त्यांना असं आढळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणारी काही विकरं आणि ते मोडणारं कॅटॅलेज, दोन्ही एकाच पिशवीत राहतात. म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी नाव दिलं पेरॉक्सिझोम.

नाव चपखल होतं, पण त्या नावानं एक गैरसमजही करून दिला. शाळा-कॉलेजच्या पुस्तकात आपण वाचतो की पेरॉक्सिझोमचं काम म्हणजे विषारी पेरॉक्साइड नष्ट करणं. जणू ती पेशीतली कचरापेटी आहे. आज मला तुमच्यासमोर मांडायचं आहे ते वेगळंच. पेरॉक्साइड मोडणं हे या पिशवीचं मागाहूनचं आवरासावरीचं काम आहे. मूळ काम आहे लांबलचक मेदाम्लं तोडण्याचं. आणि हे कशावरून म्हणायचं? त्यासाठी आपण दोन माणसं पाहू. एकाच्या शरीरात पहिलं काम बंद पडलं होतं, दुसऱ्याच्या शरीरात दुसरं.

त्याआधी ते तोडण्याचं काम नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी, एका टोकाला आम्लाचा गट. आपल्या जेवणातल्या तेला-तुपात बहुतेक साखळ्या १६ किंवा १८ कार्बनच्या असतात. त्या जाळण्याचं काम मायटोकॉन्ड्रिया करतात, ज्यांना आपण शाळेत तंतुकणिका म्हणून शिकलो. पण काही साखळ्या त्याहून लांब असतात, २२, २४, २६ कार्बनच्या. यांना अतिदीर्घ मेदाम्लं म्हणतात. थोडी आपण खातो. आपल्या शेंगदाणा तेलात २२ आणि २४ कार्बनची मेदाम्लं इतर बऱ्याच तेलांपेक्षा जास्त असतात. पण २६ कार्बनचं मेदाम्ल मुख्यतः आपलं शरीर स्वतःच घडवतं, लहान साखळीला दोन-दोन कार्बन जोडत जाऊन. या लांब साखळ्या मायटोकॉन्ड्रियाच्या दारातून आत जात नाहीत. त्या जातात पेरॉक्सिझोममध्ये.

तिथे काय होतं? २६ कार्बनची साखळी आत आली की तिच्या टोकाचे दोन कार्बन तोडले जातात. उरले २४. पुन्हा दोन तोडले, उरले २२. असं करत साखळी साधारण ८ कार्बनची झाली की पेरॉक्सिझोम तिला बाहेर सोडतो आणि पुढचं काम मायटोकॉन्ड्रियाकडे जातं. लाकडाच्या वखारीत ओंडका चुलीत मावत नाही म्हणून आधी करवतीखाली जातो ना, तसंच. करवत घरातली चूल नव्हे, पण करवतीशिवाय ओंडका चुलीत जाणार नाही.

आता हिशेब करू. २६ वरून ८ वर यायचं, म्हणजे १८ कार्बन काढायचे, दोन-दोन करून ९ फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या पहिल्या पायरीवर साखळीतून दोन हायड्रोजन काढून घ्यावे लागतात. मायटोकॉन्ड्रियामध्ये हे हायड्रोजन हातोहात पुढे देत देत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवले जातात आणि वाटेत त्यातली ऊर्जा साठवली जाते. पेरॉक्सिझोममध्ये ही साखळदार व्यवस्था नाही. तिथलं विकर ते दोन हायड्रोजन थेट ऑक्सिजनच्या रेणूला देऊन टाकतं. ऑक्सिजनला दोन हायड्रोजन जोडले की काय तयार झालं? H₂O₂. आपल्या बाटलीतलं तेच. त्या पायरीची ऊर्जा साठत नाही, तिची नुसती उष्णता होते.

म्हणजे एक साखळी कापायला ९ फेऱ्या आणि ९ रेणू हायड्रोजन पेरॉक्साइड. हा रेणू शांत बसणारा नाही. लोहाच्या संपर्कात आला तर त्यातून फार आक्रमक तुकडे निघतात आणि ते प्रथिनं, मेद, डीएनए, जे हाताला लागेल त्यावर तुटून पडतात. म्हणून करवतीच्या शेजारीच कॅटॅलेज बसवलेलं आहे. ९ रेणूंपासून ते ९ रेणू पाणी करतं आणि ऑक्सिजनचे साडेचार रेणू परत देतं. साडेचार म्हणजे दोन साखळ्यांमागे ९, असं समजा. फेऱ्यांच्या पहिल्या पायरीवर ९ ऑक्सिजन खर्च झाले होते, निम्मे परत मिळाले. मघाशी बटाट्यावर जो फेस आला, तो याच परत मिळणाऱ्या ऑक्सिजनचा.

तेव्हा पिशवीतली दोन कामं अशी : साखळी कापणं आणि कापताना उडालेला भुसा आवरणं. आता त्या दोन माणसांकडे येऊ.

पहिली गोष्ट जपानमधली, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली. शिगेओ ताकाहारा नावाचे कान-नाक-घशाचे सर्जन ओकायामाला काम करत होते. त्यांच्याकडे एक लहान मुलगी आली, तोंडात चिघळलेली जखम घेऊन. त्यांनी सडलेला भाग काढला आणि रिवाजाप्रमाणे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस यायचाच, कारण आपल्या रक्तातही भरपूर कॅटॅलेज असतं. इथे फेस आलाच नाही. उलट रक्त काळपट तपकिरी पडलं. ताकाहारांना आधी वाटलं, बाटलीच चुकली. बाटली बरोबर होती. मग त्यांनी तर्क केला की या मुलीच्या रक्तात कॅटॅलेजच नाही. मोडायला कुणी नसल्यामुळे पेरॉक्साइडनं रक्तातल्या हिमोग्लोबिनलाच गाठलं होतं. तिच्या भावंडांपैकी काहींमध्येही तेच आढळलं. १९५२ साली त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं. या स्थितीला अकॅटॅलेसिमिया म्हणतात.

इथे एक बारकावा सांगतो. तांबड्या रक्तपेशीत पेरॉक्सिझोम नसतात, तिथलं कॅटॅलेज मोकळंच असतं. पण रक्तातलं आणि यकृतातल्या पेरॉक्सिझोममधलं कॅटॅलेज एकाच जनुकावरून बनतं. त्यामुळे जनुकच बिघडलं तर दोन्हीकडची बाजू लंगडी पडते.

तर मग अशा माणसांचं काय होतं? पुस्तकातलं वाक्य खरं धरलं तर त्यांनी लहानपणीच दगावायला हवं. तसं होत नाही. काहींना हिरड्यांचा, तोंडाचा त्रास होतो, कारण तोंडातले काही जंतू पेरॉक्साइड सोडतात. हंगेरीतल्या काही कुटुंबांत मधुमेहाचं प्रमाण जास्त दिसलं. पण बहुतेक जण मोठे होतात, कामधंदा करतात. कित्येकांना आपल्यात काही कमी आहे हे कळतही नाही.

आता दुसरी गोष्ट. लोरेन्झो ओदोने हा अमेरिकेत राहणारा मुलगा, १९७८ चा जन्म. पाच-सहा वर्षांपर्यंत अगदी हुशार, तीन भाषा बोलणारा. मग शाळेत चिडचिड सुरू झाली, ऐकू कमी येऊ लागलं, चालताना तोल जाऊ लागला. १९८४ मध्ये निदान झालं, अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. नाव लांब आहे, आपण एएलडी म्हणू. थोड्याच काळात त्याची वाचा गेली, दृष्टी गेली, हालचाल गेली.

या आजारात नेमकं बिघडतं काय? करवत शाबूत असते. कॅटॅलेजही शाबूत असतं. बिघडतं ते दार. पेरॉक्सिझोमच्या पापुद्र्यावर एक प्रथिन असतं, जे अतिदीर्घ मेदाम्लांना आत घेतं. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं, त्याला आज एबीसीडी-१ म्हणतात. ते एक्स गुणसूत्रावर आहे. मुलांकडे एक्स एकच, म्हणून मुलग्यांना आजाराचा फटका जास्त. दार उघडत नाही, २६ कार्बनच्या साखळ्या बाहेर तुंबतात, आणि विशेषतः मेंदूतल्या मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन आवरणात आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये साचतात. मेंदूत दाह पेटला की ते आवरण झपाट्यानं झडतं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. ज्या कामावरून पिशवीला नाव मिळालं, ते बंद पडलं तरी माणूस जगला. आणि केवळ एका प्रकारच्या मेदाम्लाचं दार बंद झालं तर सहा वर्षांचं मूल अंथरुणाला खिळलं. असं का?

उत्तर पर्यायात आहे. पेरॉक्साइड मोडायला पेशीत कॅटॅलेज एकटं नाही. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आहे, पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची विकरं आहेत, त्यातली काही पेरॉक्सिझोमच्या आत, बरीचशी बाहेर. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान की तो पापुद्र्यातून बाहेर निसटू शकतो, आणि बाहेर त्याला गाठणारे तयार असतात. २६ कार्बनच्या साखळीला मात्र दुसरं ठिकाण नाही. मायटोकॉन्ड्रिया तिला घेत नाहीत, ती पाण्यात विरघळत नाही, लघवीवाटे जात नाही. एबीसीडी-२ नावाचं एक भावंड-दार आहे, पण त्याचा आधार पुरेसा पडत नाही. ज्या कामाला पर्याय नाही, तेच त्या पिशवीचं खरं काम.

लोरेन्झोची गोष्ट इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. त्याचे आईवडील, मिकेला आणि ऑगुस्तो, शास्त्रज्ञ नव्हते. पण त्यांनी ग्रंथालयात बसून वाचलं. डॉक्टरांनी आहारातून लांब मेदाम्लं बंद केली होती, तरी रक्तातला आकडा उतरत नव्हता. कारण आपण मघाशी पाहिलं, २६ कार्बनचं मेदाम्ल शरीर स्वतः घडवतं. मग त्यांच्या लक्षात आलं की साखळी लांबवणाऱ्या विकराला दुसऱ्या कामात गुंतवलं तर? त्यासाठी त्यांनी दोन मेदाम्लांचं तेल वापरलं. एक ऑलिव्ह तेलात असतं ते ओलेइक, दुसरं मोहरीच्या तेलात असतं ते एरुसिक. चारास एक असं प्रमाण. हे तेल दिल्यावर साधारण महिन्याभरात रक्तातलं २६ कार्बनचं मेदाम्ल सर्वसाधारण पातळीवर आलं. १९९२ मध्ये यावर ‘लोरेन्झोज ऑइल’ हा चित्रपट आला आणि जगभर आशा निर्माण झाली.

पण रक्तातला आकडा सुधारला म्हणजे मेंदू सुधारला असं झालं नाही. ज्या मुलांच्या मेंदूत दाह सुरू झाला होता, त्यांचा आजार या तेलानं थांबला नाही. एरुसिक आम्ल मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही, आणि पेटलेला दाह नुसतं सरपण कमी केल्यानं विझत नाही. लक्षणं नसलेल्या मुलांवर ह्यूगो मोझर यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आकडा खाली राहिला त्यांच्यात मेंदूचा आजार कमी दिसला. पण त्यात तेल न घेणारा तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे तेवढ्यावरून तेल वाचवतं असं म्हणता येत नाही. शिवाय तेलामुळे अनेकांच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. लोरेन्झो २००८ साली, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी गेला.

मग उपाय काय? आज ज्याचा भरवसा धरला जातो तो म्हणजे मूळपेशींचं प्रत्यारोपण, पूर्वी ज्याला सरसकट अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणायचे. दात्याच्या मूळपेशींपासून बनलेल्या काही पेशी मेंदूत जाऊन स्थिरावतात. त्यांच्या पेरॉक्सिझोमची दारं चालू असतात आणि दाह थांबतो. पण त्याला कित्येक महिने लागतात, आणि त्या काळात मेंदूचं नुकसान सुरूच असतं. म्हणून प्रत्यारोपण लक्षणं दिसण्याआधी, एमआरआयवर पहिला डाग दिसताच करावं लागतं. मूल अडखळू लागल्यावर केलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. रुग्णाच्याच पेशीत चांगलं जनुक घालण्याचा उपचारही निघाला आहे, २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण काही मुलांना त्यातून रक्ताचा कर्करोग झाला, त्यामुळे तो फार जपून वापरला जातो.

याचा अर्थ सगळा खेळ लवकर कळण्याचा आहे. म्हणूनच न्यूयॉर्क राज्यानं २०१३ च्या अखेरीस प्रत्येक नवजात बाळाची तपासणी सुरू केली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबात २६ कार्बनच्या मेदाम्लाचं एक रूप मोजतात. आकडा जास्त आला की जनुकाची तपासणी, आणि मग ठरावीक वर्षांपर्यंत दर सहा-बारा महिन्यांनी एमआरआय. मुलग्यांमध्ये अधिवृक्क ग्रंथींचीही तपासणी चालू ठेवतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, रक्तातला आकडा जितका जास्त तितका आजार गंभीर, असं असतं का?

नाही, आणि आईवडिलांसाठी हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे. एकाच घरात, तोच जनुकदोष, आकडा जवळपास सारखा, आणि एका भावाला सातव्या वर्षी मेंदूचा आजार होतो, दुसऱ्याला तिशीपर्यंत काहीच होत नाही, मग हळूहळू पाय ताठरू लागतात. साखळ्या तुंबल्या आहेत एवढं आकडा सांगतो. दाह कुणाच्या मेंदूत पेटेल हे तो सांगत नाही. म्हणून तर वारंवार एमआरआय करत राहावं लागतं.

प्रश्न : मुलींना हा आजार होतच नाही का?

मुलींकडे दोन एक्स असतात, त्यामुळे लहानपणी मेंदूचा आजार जवळजवळ दिसत नाही. पण चाळिशी-पन्नाशीनंतर अनेक वाहक स्त्रियांना पायात कडकपणा, चालण्याचा त्रास, लघवीवर ताबा न राहणं असं होतं. बऱ्याचदा ते वयाचं किंवा मणक्याचं म्हणून सोडून दिलं जातं. आणखी एक, वाहक स्त्रियांपैकी काहींच्या रक्तातला आकडा चक्क सर्वसाधारण येतो. म्हणून स्त्रियांमध्ये नुसत्या मेदाम्लाच्या तपासणीवर थांबायचं नाही, जनुक तपासायचं.

प्रश्न : मग घरातलं मोहरीचं तेल खाल्लं तर चालेल का? आणि शेंगदाणा तेल सोडायचं?

या सभागृहातल्या सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी खुशाल चालेल, तुमची दारं उघडी आहेत. ज्यांच्या घरी एएलडीचं निदान झालं आहे त्यांनी आहार तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचा. आणि मोहरीचं तेल म्हणजे लोरेन्झोचं तेल नव्हे. त्यात शुद्ध केलेली दोनच मेदाम्लं ठरावीक प्रमाणात असतात, आणि रक्ताच्या तपासण्या करतच ते देतात. हां, एक लक्षात ठेवा, ही तपासणी करायची असेल तर रक्त उपाशीपोटी द्यायचं. आदल्या दिवशी मूठ-मूठ शेंगदाणे खाल्ले असतील तर आकडा उगाच वर दिसू शकतो.

बटाट्याच्या चकत्या इथेच ठेवतो. जाताना पाहून घ्या, कच्चीवरचा फेस आता बसला असेल. टाकलेलं सगळं पेरॉक्साइड तिनं मोडून टाकलं.